आजच्या तारखेची आवक

गोविंदराव गेल्याचा निरोप मला कार्यालयात मिळाला. सोमवार, म्हणजे टपालाचा ढीग. बारनिशीत, म्हणजे आलेल्या-गेलेल्या कागदांना नंबर देण्याच्या टेबलावर, मी मान खाली घालून शिक्के मारत होते. फोन आमच्या नाझरांनी, म्हणजे रोकड सांभाळणाऱ्या कारकुनांनी, घेतला आणि एवढंच म्हणाले, "बाळापूरहून आहे. कदम भाऊसाहेब गेले." मी हातातल्या कागदाला नंबर दिला, पुढच्यालाही दिला, आणि मग लक्षात आलं की दोन्हींना एकच नंबर दिलाय. इतक्या वर्षांत अशी चूक माझ्याकडून झाली नव्हती. ते असते तर आधी रागावले असते आणि मग चहा मागवला असता.

त्याला आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं. गोविंदरावांबद्दल लिहायचं तर त्यांची एक वाईट गोष्ट आधी सांगावी लागते, कारण त्यांचं सगळ्यात चांगलं काम तिच्यातूनच निघालं. आणि ती काही मी फोडलेली नाही. त्यांनीच भर सभेत, खांद्यावर शाल असताना सांगितली.

मी अनुकंपावर लागले. वडील नोकरीत असताना वारले, म्हणून त्यांच्या जागी मी. तेव्हा आम्ही परभणी जिल्ह्यातच होतो, हिंगोली वेगळा व्हायला वेळ होता. वय बावीस, टिपणी कशाशी खातात ते ठाऊक नाही. गोविंदराव अभिलेख कक्षाचे कारकून. काळेसावळे, ठेंगणे, कानात अत्तराचा बोळा, आणि शिस्तीचे इतके कडक की तहसीलदारसुद्धा त्यांना विचारून जुने कागद मागायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बस्ता बांधायला शिकवलं. गावनिहाय कागद, लाल कापड, वर गावाचं नाव, आत यादी. "पोरी, कागद हरवत नसतो," म्हणायचे, "माणूस त्याला चुकीच्या घरी झोपवतो." आमची पोटं या वाक्यावर किती तरी वर्षं भरली.

त्याच काळात एक फाईल हरवली. एका तांड्यावरच्या विधवा बाईचं फेरफाराचं प्रकरण होतं, नवऱ्याची जमीन तिच्या नावावर लागायची होती. फाईल टेबलावरून अभिलेख कक्षाकडे गेली आणि तिथून पुढे तिचा पत्ता नाही. नेणारा शिपाई मारोती. डोंगरकड्याच्या बाजूचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला, घरात सरकारी पगार आणणारा पहिलाच. ने-आण वहीत सही त्याची, म्हणून कारणे दाखवा नोटीस त्याला. त्यानं काय कारण दाखवावं? एक वेतनवाढ रोखली आणि सेवापुस्तकात ठपका लिहिला गेला. वेतनवाढीचं तो कधी बोलला नाही. पण गावात बोभाटा झाला की मारोतीनं पैसे खाऊन फाईल विकली. बाजारात लोक तोंडावर हसायचे. तो कार्यालयात यायचा, पाणी भरायचा, आणि कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही... ते मी रोज बघत होते.

जिल्हा वेगळा झाला तेव्हा जुन्या दप्तराची वर्गवारी निघाली. तेव्हा ती फाईल मिळाली. कुठे मिळाली, हे कुणी विचारलं नाही. मिळाली हेच मोठं. बाईचा फेरफार झाला, प्रकरण संपलं, आणि मारोतीचा ठपका मात्र सेवापुस्तकात तसाच राहिला. कारण नियमानं तो काढायला कुणीतरी लेखी म्हणायला हवं होतं की चूक त्याची नव्हती. माझ्याही मनात ते आलं नाही. इतरांना नावं ठेवणारी मी, मलाही सुचलं नाही.

गोविंदरावांची निवृत्ती एकतीस मेला आली. आमच्या पिढीच्या निम्म्या खात्याचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकलेली, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. "मला गुरुजींनी जन्माला घातलं आन् सरकार घरी धाडून राहिलं, आईचा काही संबंधच न्हाई," असं ते हसून सांगायचे. पेन्शनचे कागद सहा महिने आधीच वर गेले होते. ना-देय दाखले झाले, कार्यभाराची यादी झाली, एकेक बस्ता मोजून त्यांनी नव्या कारकुनाच्या ताब्यात दिला. राहिलं होतं भाषण. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याचं मनोगत कोणी तरी अक्षर चांगलं असलेला लिहून देतो. तो मान माझा. मी दोन पानं लिहिली. सर्व वरिष्ठांचे मार्गदर्शन, सर्व सहकाऱ्यांचे प्रेम, कळत-नकळत कुणाचं मन दुखावलं असल्यास क्षमा. दर वेळी तेच लिहायचे, फक्त नाव बदलायचं. त्यांनी वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, छान आहे.

चार वाजता सभागृहात सगळे जमले. तहसीलदार साहेब मध्ये, शेजारी गोविंदराव आणि वहिनी. वहिनी पहिल्यांदाच कार्यालयात आल्या होत्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या होत्या. प्रास्ताविक झालं. मग एकेकजण उठून सांगू लागला की भाऊसाहेब म्हणजे चालतं-बोलतं दप्तर. शाल, श्रीफळ, वहिनींना साडी-चोळी. दाराशी मारोती पेढ्यांचं ताट धरून उभा. सत्कारमूर्तींचं मनोगत पुकारलं, तसे गोविंदराव उठले आणि माझं पहिलं पान त्यांनी सुरेख वाचलं. दुसरं पान उघडलं. "कळत-नकळत," एवढं वाचलं आणि थांबले. कागद खिशात घातला. मला वाटलं, माझं अक्षर लागलं नाही.

"पोरीनं कळत-नकळत लिहिलं हाये," ते म्हणाले, "पण माझं नकळत न्हाई. आज सगळ्यांचे आभार मानले, एका माणसाचे राहिले. मारोतीचे. त्यानं माझी शिक्षा भोगली."

मग त्यांनी सांगितलं, अगदी टिपणी वाचावी तसं. त्या तांड्याला लोक रस्त्यावरच्या गावाचं नाव लावून बोलतात, पण तांड्याची जमीन डोंगरापलीकडच्या गावाच्या शिवारात मोडते. मारोतीनं फाईल बराबर आणून दिली होती. यांनी गट नंबर न बघता लोकांच्या तोंडचं नाव धरलं आणि रस्त्यावरच्या गावाच्या बस्त्यात ती बांधली. यादीत स्वतःच्या हातानं नोंदही केली. वर्गवारीत ती यादी त्यांच्याच हाती लागली. "तवा बोलायला पायजे व्हतं. अव्वल कारकुनाची बढती तोंडावर होती, म्हणून बोललो न्हाई. बढती तर भेटली, पण झोप काही भेटली न्हाई."

तहसीलदार साहेब सज्जन माणूस. ते हळूच म्हणाले, भाऊसाहेब, मनावर घेऊ नका, जुनी गोष्ट आहे. गोविंदराव म्हणाले, साहेब, लेखी देतो. आणि तिथंच, सत्काराच्या टेबलावर नारळ बाजूला सारून त्यांनी अर्ज लिहिला. मग शाल पांघरलेलीच, ते माझ्या टेबलाशी आले. घड्याळात साडेपाच झाले होते.

हा प्रसंग नोकरी न केलेल्या वाचकाला समजावून सांगायला हवा. कार्यालयाची वेळ संपेपर्यंत गोविंदराव नोकरीत होते. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त, आणि निवृत्तीनंतर चार वर्षांहून जुन्या गोष्टीची नवी चौकशी लावता येत नाही. म्हणजे तोच कागद मी उद्या घेतला, तर त्यांच्या केसालाही धक्का नाही. आज घेतला तर चौकशी लागू शकते आणि पेन्शन अडकू शकते. एका रात्रीचा फरक. मी म्हटलं, "भाऊसाहेब, ठेवा इथं. सकाळी नंबर टाकते." वहिनी मागे उभ्या होत्या. मी त्यांच्याकडेच बघून बोलले.

"आजचीच तारीख टाक," ते म्हणाले. "नोकरीतल्या माणसाचा कागद वजनदार असतो. पेन्शनवाल्याचं कोण ऐकतं?"

मी वहिनींकडे पुन्हा बघितलं. त्या म्हणाल्या, "टाक माय. घरात तेच तेच ऐकून मी बी थकले." मी शिक्का मारला.

मला वाटलं होतं, आता मारोती येईल, पाया पडेल, दोघं रडतील. तसं काही झालं नाही. मारोतीनं ताट खिडकीत ठेवलं आणि अंगणात जाऊन उभा राहिला. गोविंदराव त्याच्यामागे गेले, मीही गेले. तो वर न बघता बोलला, "भाऊसाहेब, आता काहून सांगितलं? फाईल सापडली तवा माझा बाप जिता व्हता. पोरगं चोर निघालं म्हनत गेला तो. दोन साल माझ्या हातचं पानी घेतलं न्हाई त्यानं." मारोती सायकल घेऊन निघून गेला. पेढे तसेच राहिले.

पुढे जे व्हायचं ते झालं. नोटीस निघाली, पेन्शनचं प्रकरण वर अडकलं, सात महिने तात्पुरत्या पेन्शनवर त्यांनी काढले. शेवटी प्रकरण नस्तीबद्ध, म्हणजे कायमचं बंद झालं. मारोतीच्या सेवापुस्तकात शिक्षा रद्द झाल्याची नोंद लाल शाईनं लिहिली गेली. ती मीच लिहिली, आणि माझ्या नोकरीतलं सगळ्यात सुंदर अक्षर तिथे आहे, हे मी आढ्यतेनं सांगते.

पण गोविंदराव तेवढ्यावर थांबले नाहीत. सेवापुस्तक गाव कुठे वाचतं? एका सकाळी ते एकटेच मारोतीच्या गावी गेले, पारावर लोक गोळा केले आणि तेच भाषण पुन्हा केलं. या वेळी शाल नाही, खुर्ची नाही. काहींनी शिव्या दिल्या म्हणे. एका म्हातारीनं तर काठी उगारली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मारोतीनं त्यांना घरात बोलावलं नाही, पण एसटीपर्यंत सोडायला आला. दुसऱ्या खेपेला पाणी दिलं. तिसऱ्या खेपेला भाकर. मग तो निवृत्त झाल्यावर दर बाजाराला बाळापूरला यायचा आणि गोविंदरावांच्या ओट्यावर तासभर बसायचा. दोघं काय बोलायचे, हे वहिनींनाही ठाऊक नव्हतं.

गेल्या आठवड्यात मी वहिनींना भेटायला बाळापूरला गेले. बाजाराचा दिवस होता. ओट्यावर मारोती बसलेला, रुमाल गुडघ्यावर, हातात वहिनींनी दिलेला चहा. भाऊसाहेब गेल्यापासून एकही बाजार चुकवला नाही त्यानं, असं वहिनी म्हणाल्या. मी शेजारी टेकले. मग मीच विचारलं, मामा, मनातून माफ केलं होतं का भाऊसाहेबांना?

त्यानं चहा संपवला. "माफीचं न्हाई सांगता येत, बाई," तो म्हणाला. "गावाला सांगितलं त्यांनी, साहेबाला सांगितलं. माझ्या बापाला तेवढं सांगायचं राहिलं व्हतं... आता भेटले असतील तिकडं. सांगितलं असंल."