खालची प्रत

मंचरच्या टायपिंग क्लासात द्रौपदाच्या हाताखालून किती पोरंपोरी परीक्षा पास झाली, त्याला गणती नाही. शिकवण मात्र एकच.

"कागद रुळावरनं काढायच्या आधी वाचा रं! अनुस्वाराची कळ दाबली तरी मशीन पुढं सरकत न्हाई, म्हणून तोच आधी इसरतो. जोडाक्षरातलं अर्धं अक्षर गाळलं, की शब्द गपचूप दुसराच व्हतो. कागद निघाल्यावर टिंब जागेवर बसत न्हाई, मग द्या पेनानं!"

कळंबचा अमृत तिच्याकडंच शिकला. दिसायला साधा, बोलायला लई गोड. सत्त्याण्णव साली दर आठवड्याला त्याचं एक पत्र तिच्या खणात यायचं. टाईप केलेलं, पण कार्बनवरचं, निळसर.

"वरची प्रत मी उशाशी ठेवतो," तो म्हणायचा. "एकच पत्र दोघांपाशी असावं."

एवढी हुशार बाई, पण ह्यावर विरघळली.

पत्रात असायचं, 'तुझी चिता लागून राहते.' द्रौपदा हसायची. "मेला, आत्ताच जाळतो मला!" म्हणायची आन् वर टिंब द्यायची. 'चित्त हरपलं' असं म्हणायचं, तर तिथं 'चित हरपलं.' पैलवान कुठला! लाडानं पेपर तपासावा तशी ती पत्रं तपासायची आन् डब्यात ठेवायची. त्याच्यापायी तिनं नारायणगावच्या मास्तराचं स्थळ मोडलं होतं. भागुजी, तिचा बाप, महिनाभर तिच्याशी बोलला नव्हता. आता येत्या रविवारी अमृत मागणी घालायला येणार होता.

गुरुवारी लोणीची अक्षदा लाजत जवळ आली. नवी विद्यार्थिनी.

"ताई, एक कागद बघता का? शुद्ध हाय का न्हाई ते. पण कुणाला सांगू नका हं."

कागद काळ्या शाईच्या रिबिनीचा, ठसठशीत. पहिलीच ओळ, 'तुझी चिंता लागून राहते.' टिंब पेनानं दिलेलं. खाली 'चित्त', त्यातलं अर्धं त मधी घुसवलेलं, तेही पेनानं.

द्रौपदानं खणातनं परवाचं पत्र काढलं आन् दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून खिडकीशी धरले. ओळीवर ओळ बसली. खाडाखोडसुद्धा. पेनाचं तेवढं खाली उतरलं नव्हतं.

कार्बन काढल्यावर त्यानं वाचलं होतं. निगुतीनं, एकेक टिंब देऊन. वरचंच.

"ताई, कुणाचं वो हे दुसरं?"

"माझं."

अक्षदाचं तोंड पांढरं पडलं. "आमच्या घरी पण रविवारीच येणार म्हणला. संध्याकाळी."

"माझ्याकडं सकाळी. तिथं तरी तू वर आन् मी खाली न्हाई, एवढं बरं."

दोघी हसल्या, आन् हसता हसता अक्षदा रडायला लागली. द्रौपदा रडली नाही. तिनं पेन उघडलं, आपल्या निळ्या कागदावर राहिलेली टिंबं दिली, अर्धं त घातलं. मग दोन्ही प्रती टाचणीनं एकत्र टाचल्या.

रविवारी सकाळी अमृत आला, तेव्हा दारात भागुजी उभा होता. हातात ते टाचलेलं पत्र.

"पावणं, दोन्ही प्रती तपासल्यात," म्हातारा म्हणाला. "घेऊन जावा."