नाव कुठं घेतलं होतं?

डॉक्टरांकडून फॉर्म भरून घेणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. संगमनेरात तेव्हा मी एका पाहणीचं काम करत होते. तंबाखू खाणाऱ्या पेशंटला डॉक्टर काय सल्ला देतात, एवढाच विषय. पहिला फॉर्म चार पानी होता. डॉक्टर तो नुसता तोलून बघत आणि परत देत. मग आम्ही तो एका पानावर आणला. सात प्रश्न, फक्त खुणा करायच्या, घड्याळ लावून तीन मिनिटं. खाली ठळक छापलं होतं: ‘आपलं नाव गुप्त राहील.’

पण तीन मिनिटं मिळायला आधी डॉक्टर भेटायला हवेत. नाशिक रस्त्यावरच्या एका दवाखान्यात मी चार हेलपाटे घातले. काउंटरवरच्या ताई दर वेळी म्हणायच्या, “सर ऑपरेशनला हायेत.” पन्नाशीच्या आसपासच्या, जाड चष्म्याच्या. चौथ्यांदा मी चिडून बाकावर बसून राहिले. त्यांनाच माझी दया आली असावी.

“सोमवारी येऊ नका, लई गर्दी. बाजाराच्या दिवशी तर न्हाईच,” त्या हळूच म्हणाल्या. “बुधवारी साडेबाराला या. सर मागच्या खोलीत चहा घेत्यात. धा मिन्टं. तेवढ्यात कुनाला सोडायचं न्हाई असं सांगून ठेवलंय त्यांनी. मी ऑपरेशन म्हनते. तुमी मागच्या दारानं जावा, सहज आल्यागत. आन माझं नाव कुठं घेऊ नका.”

बुधवारी गेले. “सहज डोकावले,” असं डॉक्टरांना खोटंच सांगितलं. त्यांनी कप हातात ठेवूनच सात खुणा केल्या आणि वर हसून म्हणाले, “एवढाच असेल तर कोणीही भरेल.” मी बाहेर आले ती हवेतच.

राहिले आभार. डॉक्टरांना पाकीट देणं म्हणजे त्यांचा अपमान, पेन देणं म्हणजे औषध कंपनीची नक्कल. म्हणून आम्ही निष्कर्षांचं एक पान आणि सहीचं पत्र पाठवायचो. ठरलेला मजकूर मला कोरडा वाटायचा. लिहायची हौस दांडगी, म्हणून त्या पत्राला मी स्वतःच्या हातानं दोन ओळी जोडल्या: ‘आपल्या स्वागतकक्षातील भगिनींनी आपल्या चहाची वेळ सुचवली, त्यामुळे एकाही रुग्णाचा खोळंबा झाला नाही. त्यांचेही मनःपूर्वक आभार.’ लिहिताना त्यांचं ‘नाव घेऊ नका’ आठवलं होतं. पण नाव मी कुठं घेतलं होतं? उलट वाटलं, कधी नव्हे ते कुणीतरी त्यांचं कौतुक लेखी करतंय.

सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेले तर काउंटरवर दुसरीच मुलगी. शेजारच्या मेडिकलवाल्याला विचारलं. तो गोळ्या मोजता मोजता म्हणाला, “त्या गेल्या की. कुठलंसं पत्र आलं हुतं. सर म्हनले, माझ्या चहाची वेळ बाहेर सांगतीस, उद्या आनखी काय सांगशील? अकरा वर्सं हुत्या हितं.”

मी त्या दिवशी एकही फॉर्म भरून घेतला नाही. घरी आल्यावर पत्राची प्रत काढली आणि ती वाक्यं दहा वेळा वाचली. करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं म्हणून सुटता आलं असतं. पण मला बजावून सांगितलं होतं, आणि मी ऐकलं नव्हतं. डॉक्टरांच्या नावासाठी नियम होता, कुलूपबंद कपाट होतं. ताईंसाठी काहीच नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात एका बालरोगतज्ज्ञांकडे गेले; पोरांच्या आईबापांच्या तंबाखूसाठी तेही यादीत होते. काउंटरवर तोच जाड चष्मा. पगार कमी असणार, बसचा प्रवासही वाढला असणार. शेजारी ठेवलेल्या डब्याच्या पिशवीवरून प्रवासाचं तरी कळत होतं. त्यांनी मला ओळखलं. रजिस्टरमध्ये बघून म्हणाल्या, “बसा. नंबरानं सोडते.”

रडणाऱ्या पोरांच्या मधोमध मी दोन तास बसले. चहाची वेळ कधी आली, कधी गेली, त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. माफी कशी मागायची ते मनात जुळवत होते. नंबर आला, आत गेले, तीन मिनिटांत काम झालं.

बाहेर येऊन काउंटरपाशी थांबले. जुळवलेलं सगळं विसरले आणि तोंडातून निघालं, “ताई, मी तुमचं नाव नव्हतं घेतलं हो.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “नाव न्हवतं. पन त्या काउंटरला मी एकलीच हुते.”

मग माझ्यामागच्या बाईकडे बघून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.