नातीला अहो

माझी आई माझ्या लेकीला अहो म्हणते. लेक चार वर्षांची, नाकातला शेंबूड अजून स्वतः पुसत नाही, आणि आई तिला म्हणते, "अहो, उतरा की खाली, पडाल." मंद्रूपहून आई आमच्याकडे सोलापूरला आली की गल्लीतल्या बायकांची करमणूक होते. मला मात्र लाज वाटायची. चिडायचेही मी. म्हणायचे, अगं पोरगी आहे ती, सरपंच नव्हे.

कारण मला माहीत होतं, म्हणजे अर्धंच माहीत होतं. आईच्या मते माझे वडील, आप्पा, पुन्हा माझ्याच पोटाला आले. मी अगदी लहान असताना आप्पा गेले. दुपारी रानातून आले, उंबऱ्यावर डोकं धरून बसले आणि तिथंच कलंडले. लेक झाली तेव्हा आईनं तिला पहिली अंघोळ घातली, टॉवेलात गुंडाळली आणि तेव्हापासून अहो सुरू झालं. कशावरून ओळखलंस म्हटलं की गप्प बसायची. मी आपली समजून चालले, नाकावरून. आमचं सगळ्यांचं नाक तसलंच, फुगीर.

मी घरी ब्लाऊज शिवते. आमच्या भागातल्या किती बायकांच्या पाठी मी पाहिल्या असतील. कुणाची कुबडलेली, कुणाची घामोळ्यांनी भरलेली. काखेत काळे ठिपके असलेली बाई आली की मी ठणकावून सांगायचे, मुंढा घट्ट शिवून घेता म्हणून काचतं, दुसरं काही नाही. मुंढा म्हणजे ब्लाऊजला बाही जिथं जोडतात ते. माझ्याही काखेत तसले ठिपके होते. परकराच्या नाडीखाली दोन मोठे तपकिरी डाग होते, ते नाडीचे. असं मी ठरवूनच टाकलं होतं. स्वतःची पाठ काही कुणाला दिसत नाही.

लेकीच्या अंगावरचे डाग मात्र मला फार आवडायचे. दूध जास्त घातलेल्या चहासारखा रंग, हाताला काही लागायचं नाही, कातडीइतकेच सपाट. जन्मली तेव्हा एक-दोनच ठळक होते. मग पहिल्या वर्ष-दोन वर्षांत हळूहळू बाकीचे उमटले. उन्हाळ्यात दुपारी मशीन बंद करून मी तिच्याशेजारी फरशीवर पडायचे. पंख्याचा वारा गरमच. ती उघडी झोपलेली असायची, आणि मी डागांवरून बोट फिरवत राहायचे, पोटावरून कमरेला, कमरेवरून मांडीला. डोळे मिटत यायचे. मग एक जुनं काहीतरी यायचं, स्वप्न की आठवण ते कधी कळलं नाही. मी कुणाच्या तरी खांद्यावर बसले आहे, खाली हलतंय, माझं बोट त्याच्या मानेजवळच्या मऊ गाठीवर आहे, आणि दाबलं की गाठ आत जाते. सोडलं की परत वर. मला हसू येतंय. बास, एवढंच. जाग यायची तेव्हा लेक माझ्या अंगावर पाय टाकून झोपलेली असायची आणि चारी बाजूंना ऊन.

ताप उतरेना म्हणून तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छाती तपासायला फ्रॉक वर केला आणि ताप बाजूलाच राहिला. "हे कधीपासून आहेत?" म्हणाले. टेबलाच्या खणातून लहानशी पट्टी काढली आणि एकेक डाग मोजायला लागले. मला हसूच आलं, माप घेणं हा तर माझा धंदा. नऊ भरले. डॉक्टर म्हणाले, "एक-दोन असते तर मी बघितलंही नसतं. खूप मुलांना असतात, काही होत नाही. पण लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असले की जेनेटिक्सच्या डॉक्टरांना दाखवायचं. असा नियमच आहे." मग काखा पाहिल्या, जांघा पाहिल्या. तिथं काही नव्हतं. "घरात कुणाच्या अंगावर असे डाग, मऊ गाठी?" मी म्हटलं, नाही. आई कोपऱ्यात बसली होती. तिला विचारलं. ती म्हणाली, "न्हाय. दुसऱ्या कुणालाच न्हाय."

मी विचारलं, काय असू शकतं? ते म्हणाले, काहीही नसू शकतं, आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस नावाचा आजारही असू शकतो, ज्यात नसांवर गाठी येतात, कधी डोळ्यांच्या नसेवर, कधी बीपी वाढतं, कधी पाठीचा कणा वाकतो. बऱ्याच जणांना आयुष्यभर फारसा त्रास होत नाही. पण लक्ष ठेवावं लागतं. बऱ्याच जणांना त्रास होत नाही हे मला ऐकूच आलं नाही. डोळा तेवढा ऐकू आला.

जेनेटिक्सच्या डॉक्टरीणबाई पुण्याहून महिन्यातून एकदा सोलापूरला यायच्या. मधले दिवस मी कसे काढले मला सांगता येणार नाही. ब्लाऊज उलटे शिवले. एकीची बाही दुसरीला लावली. लेक टीव्हीजवळ गेली तरी मला धडकी भरायची, हिला लांबचं दिसत नाही की काय. डाग तेच होते, रंग तोच, पण आता दुपारी तिच्याशेजारी पडायची भीती वाटायची. आई आपली अहो, अहो करत तिच्यामागं फिरत होती. एकदा मी ओरडलेच तिच्यावर. तिनं उलट काही म्हटलं नाही, आणि आई उलट बोलत नाही म्हणजे काहीतरी बिघडलेलं असतं.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या असतील. घाई नव्हती त्यांना. कागदावर गोल आणि चौकोन काढून आमचं सगळं घराणं मांडलं. लेकीला पलंगावर बसवून डाग पाहिले, कणा पाहिला, पायाची हाडं पाहिली, डोक्याचा घेर घेतला. म्हणाल्या, "नुसत्या डागांवरून मी आजाराचं नाव सांगणार नाही. असेच डाग देणारा दुसरा एक सौम्य प्रकार असतो, त्यात गाठी होतच नाहीत. घरात कुणाला काय होतं ते कळलं तर पुष्कळ उलगडेल." पुन्हा तोच प्रश्न. पुन्हा आईचं तेच, दुसऱ्या कुणाला न्हाय.

तेवढ्यात लेक पलंगावर उभी राहिली आणि आई म्हणाली, "अहो, बसा की गप. पडाल हितं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, नातीला अहो का म्हणता?"

आई पदराशी खेळत राहिली. मीच म्हटलं, तिला वाटतं माझे वडील पोटाला आलेत. मला वाटलं बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "कशावरून ओळखलंत?"

"सांगायचं नसतंय," आई म्हणाली. "कशावरनं वळखलं ती खूण बोलून दाखवली की माणूस माघारी जातंय."

तेव्हा मला कळलं, की पहिल्या दिवसापासून आई का गप्प होती. नातीच्या जिवाला जपत होती ती. बाई आईजवळ स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "आजी, हिला कुठं जाऊ द्यायचं नाही म्हणून तर मी विचारते. तुम्ही सांगितलं नाही तर मी कुठं बघू, कशावर लक्ष ठेवू?"

आई रडायला लागली. माझी आई, जी आप्पा गेले तेव्हाही रानात खुरपायला गेली होती. मग बोलली. लेकीच्या डाव्या खांद्यामागं हा मोठा डाग, तोच, तिथंच, आप्पांना होता. अंगभर होते. आणि गाठी होत्या, मानेवर, पाठीवर, बोरासारख्या, दाबलं की आत जाणाऱ्या.

"मग दुसऱ्या कुणाला नाही असं का म्हणालात?"

"दुसऱ्या कुणाला कुटं हायत? ह्येंचंच हायत की ह्ये." तिनं लेकीकडं बोट केलं.

मला माझा खांदा आठवला, म्हणजे ज्या खांद्यावर मी बसले होते तो. बोटाखाली ती गाठ इतकी खरी लागली की मी हात झटकला.

बाई माझ्याकडे वळल्या. आता जरा तुम्ही पडद्यामागं या, म्हणाल्या. मी नाडीचं सांगितलं, मुंढ्याचं सांगितलं, शिवणाचा सगळा इतिहास सांगितला. त्या ऐकून घेत होत्या आणि टॉर्च घेऊन बघत होत्या. मोठ्या माणसात डाग दीड सेंटिमीटरच्या वरचा धरतात, म्हणाल्या. पाठीवर, कमरेला, सहाच्या वर भरले. काखेतले बारीक ठिपके दोन्ही बाजूंना. कंबरेच्या मागे दोन मऊ गाठी, ज्यांना मी चरबी म्हणत होते. "हे ब्लाऊजनं होत नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "वडिलांकडून तुमच्याकडे, तुमच्याकडून हिच्याकडे. आईला गाठींचा आजार आहे म्हटल्यावर मुलीलाही तोच म्हणायला तिचे डाग पुरेसे आहेत. रक्ताची तपासणी करून पक्कं करू."

मग आमचं दोघींचं बीपी मोजलं. लेकीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी यंत्राला तिची हनुवटी टेकवून बराच वेळ बघितलं. बाहुलीभोवती काही बारीक ठिपके होते, ते या आजाराची खूण, त्यानं नजर जात नाही. डोळ्याची नस चांगली होती. मी तिथंच भिंतीला टेकून रडले. डाग जाणार नाहीत, कुठल्याही मलमानं नाहीत. दर वर्षी डोळे, बीपी, उंची, कणा बघायचा, शाळेत अभ्यास कसा जमतो तेही सांगायचं. आप्पा कशानं गेले ते आता कुणी सांगू शकणार नाही. त्यांचं बीपी कधी कुणी मोजलंच नव्हतं.

घरी आलो. लेक रिक्षातच झोपली होती. आईनं तिला आत निजवलं, दार लोटलं आणि मला म्हणाली, "पाठ दाव."

मी तिच्याकडे पाठ करून बसले. मशीनवर कुणाचा तरी अर्धा ब्लाऊज होता. खिडकीतून येणारं ऊन पाठीवर पडलं.

"माझ्याही अंगावर होते ना गं, मी झाले तेव्हा?" मी विचारलं. "मला न्हाऊ घालायचीस की तू."

"हुतं की."

"मग मला नाही कधी काही म्हणालीस."

"तवा त्ये जित्तं हुतं," आई म्हणाली. "जित्त्या माणसाला कोण हुडकतंय?"

मला राग आला. इतक्या वर्षांचा राग एकदम आला. तिनं माझ्या लेकीत आप्पांना शोधलं, आणि मध्ये मी होते, अंगभर तेच घेऊन, तिच्या डोळ्यांसमोर मोठी झालेली. मला वळून काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. पण तिचा हात पाठीवर आला होता. खुरप्यानं घट्टे पडलेला हात, एकेका डागावर थांबत, पुढं जात. कमरेजवळच्या गाठीवर बोट टेकलं, दाबलं, सोडलं. मला लहानपणी हिनंच न्हाऊ घातलं असेल, पण असं बघितल्याचं मला काही आठवत नाही.

"आप्पांसारखेच आहेत का गं?" मी विचारलं.

तिनं तळहात सगळ्या पाठीवरून एकदा फिरवला.

"न्हाय," ती म्हणाली. "ह्ये तुजं हायत."