पाठीमागचा मजकूर

इंदिरानगरातील आमच्या संस्थेची इमारत दुमजली होती. कित्येक पिढ्यांपूर्वी या कानडी मुलखात येऊन कायमची वसलेली जी मराठी घराणी आहेत, त्यांपैकी काहींनी मिळून ती उभारली. घरात कानडी मिसळलेली मराठी बोलणाऱ्या आमच्यासारख्यांना मुंजीबारशांसाठी आणि सभांसाठी एक छप्पर असावे, एवढाच त्यामागचा हेतू. पुढे इमारतीची निगा राखणे झेपेना, तेव्हा विश्वस्तांनी ती संगणकाचे शिक्षण देणाऱ्या एका कंपनीला दीर्घ मुदतीने भाड्याने दिली. तळमजल्यावरची ईशान्येची खोली मात्र त्यातून वगळली होती. तेथे मी रोज सकाळी मुलांना संध्या, स्तोत्रे आणि शब्दरूपे शिकवीत असे. पाठशाळा म्हणावी असे दुसरे काही आमच्यापाशी नव्हते. ती खोली हीच पाठशाळा.

कराराचा मसुदा माझ्याच एका शिष्याने लिहिला. लहानपणी तो माझ्या घरी संध्या शिकायला येई. वाणी शुद्ध आणि स्मरण असे की एकदा ऐकलेले दुसऱ्यांदा सांगावे लागत नसे. पुढे तो वकील झाला आणि संस्थेचे कायद्याचे काम विनामूल्य पाहू लागला. नोंदणी झाल्या दिवशी घरी येऊन तो म्हणाला होता, "गुरुजी, तुमच्या खोलीचं कलम मी स्वतः घातलं आहे. मुदत संपेपर्यंत त्या दाराला कोणी हात लावणार नाही." मी समाधानाने देवाला साखर ठेवली.

काही वर्षे गेली. नव्वदच्या दशकाचा शेवट जवळ आला होता आणि शहरात जो तो संगणकाविषयी बोलत होता. कंपनीचा नवा व्यवस्थापक पुण्याहून आला. एका सकाळी वर्ग सुटल्यावर तो खोलीच्या दारात उभा राहिला. चपला बाहेर काढून आला, हे मला आवडले.

"काका, जरा ऑकवर्ड आहे सांगायला," तो म्हणाला, "पण ही रूम आम्हाला लागणार. नवीन बॅच सुरू होतेय. ॲग्रीमेंटमध्ये संपूर्ण तळमजला आमच्याकडे आहे."

"ही खोली वगळली आहे."

"तसं कुठे दिसत नाही. आमचं सगळं रेकॉर्ड आता सीडीवर आहे. प्रिंट देतो, तुम्हीच बघा."

त्याने दिलेले कागद मी घरी नेले. इंग्रजी मला बेताचे येते, परंतु सावकाश वाचले की कळते. पहिल्या पत्रावर, म्हणजे मुद्रांकाच्या कागदावर, उभय पक्षांची ओळख होती. तेथून मजकूर दुसऱ्या पत्रावर सरळ गेला. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना मात्र मी अडखळलो. दुसऱ्याच्या तळाशी भाडे कोणत्या तारखेस द्यावे हे सांगणारे वाक्य मध्येच थांबले होते. तिसऱ्याच्या माथ्यावर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीविषयीच्या एका वाक्याचा उत्तरार्ध होता. तिसऱ्याच्या तळाशी तळमजल्याचे कलम आले. 'संपूर्ण तळमजल्याचा ताबा भाडेकरूंकडे राहील' इतके लिहून पुढे स्वल्पविराम होता, आणि त्यापुढे कोरा कागद. चौथे पत्र भिंतींच्या रंगकामाने सुरू होत होते. पत्रांचे अंक मात्र एक, दोन, तीन, चार असे अखंड होते. वरवर पाहणाऱ्यास काही हरवले आहे असे वाटले नसते.

माझे आयुष्य पोथ्या हाताळण्यात गेले. पोथीच्या पत्राला अंक एक असतो आणि पृष्ठे दोन. मजकूर तुटला की हात आपोआप पत्र उलटतो. मी तो छापील कागदही उलटला. मागे अर्थातच काही नव्हते. तेव्हा ध्यानात आले की मूळ कागद कोणी उलटलाच नसावा.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कचेरीत गेलो. व्यवस्थापकाने कागदांच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रापाशी बसणाऱ्या मुलीला बोलावले. तिने कागदांची चळत यंत्राच्या वरच्या तबकात ठेवली. एकेक कागद आत ओढला जाऊन खाली येऊन पडू लागला.

"एकच बाजू घेतं हे," ती म्हणाली. "मागची पाहिजे तर चळत उलटी करून परत घालावी लागते."

"आणि या करारासाठी तशी घातली होती का?"

"नाही, अज्जा. पहिला कागद स्टॅम्प पेपर होता. त्याच्या मागे नुसते शिक्के आणि सह्या असतात ना? म्हणून स्टॅम्प पेपरच्या फायलींना पुढचीच बाजू घ्यायची असं आम्ही ठरवलं होतं."

तिची चूक समजण्यासारखी होती. मुद्रांकाचा कागद एका बाजूनेच टंकलेला असतो हे खरे. परंतु त्यामागे जोडलेले साधे कागद आमच्या वकिलाने दोन्ही बाजूंनी टंकून घेतले होते आणि अंक केवळ पुढच्या बाजूस घातला होता. त्या काळी बहुतेक वकील तसेच करीत.

"मूळ प्रत कोठे आहे?" मी विचारले.

व्यवस्थापकाने खांदे उडवले. "मुंबईला. स्कॅन झाल्यावर सगळे पेपर्स हेड ऑफिसच्या गोडाऊनमध्ये गेले. मागवतो, पण टाइम लागेल. आणि खरं सांगू का काका, तुमच्या वकिलांनी ही प्रिंट पाहिली आहे. ते म्हणाले, बरोबर आहे."

"आमच्या वकिलांनी?"

"हो. मागेच."

मी सरळ शिष्याच्या कचेरीत गेलो. त्याने उठून खुर्ची दिली, कॉफी मागवली. मी कागद पुढे ठेवून यंत्राची हकिगत सांगितली. त्याने लक्ष देऊन ऐकली आणि कागद न चाळताच माझ्याकडे सारला.

"गुरुजी, टायपिस्ट ओळी गाळतात. तेव्हाचे टायपिस्ट तर फारच."

"प्रत्येक पत्राच्या तळाशी?"

"असतं असं कधी कधी."

"संस्थेची छायाप्रत तुझ्याकडे होती."

"ऑफिस हलवलं तेव्हा काही फायली गहाळ झाल्या. त्यात गेली असणार."

"मग तुला आठवत असेल. खोलीचे कलम तूच घातलेस."

तो हसला, प्रेमानेच. "किती मसुदे लिहिले असतील मी तेव्हापासून. आणि समजा आठवलं, तरी आठवणीवर कोर्ट चालत नाही, कागदावर चालतं. तुम्ही चिंता करू नका. सर्जापूर रोडकडे एकांची जागा आहे, मी शब्द टाकतो. मोकळी हवा आहे तिथे."

त्या बाजूला तेव्हा मोकळी हवा होती हे खरेच, मुले नव्हती. तो विसरला असेल, असे मनाशी म्हणत मी जिना उतरलो. ज्याला एकदा ऐकलेले आयुष्यभर स्मरते तोच विसरला, हे मनाला पटवून देणे कठीण जात होते. तरीही मी पटवून दिले. शिष्याविषयी संशय धरणे मला पाप वाटे.

विश्वस्तांच्या सभेत खोली सोडण्याचा ठराव यायचा होता. त्याआधी मी सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत गेलो. करार नोंदला की तेथील मोठ्या वहीत तो अक्षरशः उतरवून ठेवतात, दोन्ही बाजूंचा मजकूर सलग. आणि अर्ज केल्यास प्रमाणित नक्कल मिळते. अडचण एकच होती. नोंदणीचा क्रमांक पहिल्या पत्राच्या पाठीवरील शिक्क्यात असतो, आणि तीच पाठ माझ्याकडे नव्हती. नावावरून आणि वर्षावरून शोध घ्यावा लागणार होता.

खिडकीपलीकडचा कारकून कानडीत म्हणाला, "सूची पाहायची म्हणजे वेळ जाणार, स्वामी. संस्थेचं नाव काय?"

मी नाव सांगितले.

"हां. मग स्वल्प बसा. तो खंड अजून खालीच आहे, वर नेऊन ठेवला नाही. गेल्या महिन्यातच नक्कल दिली त्याची."

"कोणाला? कंपनीच्या माणसांना?"

"छे, तुमच्याच वकिलांना. उंच आहेत, कपाळाला गंध लावतात. ते स्वतः आले होते. इथेच उभं राहून सगळं वाचलं, मग घेऊन गेले." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले. "त्यांच्याकडून मागून घेतली असती तर तुमची फेरी वाचली असती. सरी, ठीक आहे, अर्ज भरा."

मी अर्ज भरला. गेल्या महिन्यात, म्हणजे मी शिष्याकडे जाण्याच्या आधीच. तो विसरला नव्हता. कंपनीची प्रिंट पाहून त्यालाही माझ्यासारखीच शंका आली होती. त्याने पाठीमागचा मजकूर शोधून काढला, खात्री करून घेतली, आणि मग मला टायपिस्टांविषयी सांगितले. मी भोळेपणाने त्याच्यापुढे यंत्राची हकिगत मांडीत होतो तेव्हा पूर्ण कलम त्याच्या कपाटात होते.

नक्कल हाती आली. 'संपूर्ण तळमजल्याचा ताबा भाडेकरूंकडे राहील, ईशान्येची खोली वगळून, जी संस्थेच्या पाठशाळेसाठी राखून ठेवली असून कराराच्या मुदतीत तिच्या वापरास भाडेकरूंची हरकत राहणार नाही.' वाक्यरचना त्याचीच होती, स्वच्छ आणि निःसंदिग्ध.

सभेच्या आधी मी त्याला बाजूला घेतले आणि नक्कल दाखवली. कारकुनाने जे सांगितले तेही सांगितले. त्याने ना नाकारले, ना मान खाली घातली.

"कंपनीचं दक्षिणेकडचं सगळं काम माझ्याकडे यायचं आहे," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी खोटं काही लिहिलेलं नाही, गुरुजी. एकाही कागदावर नाही. नुसता गप्प राहिलो. आणि तुमच्या वर्गाला हल्ली येतात किती मुलं?"

"तू येत होतास तेव्हा तू एकटाच येत होतास," मी म्हणालो.

माझ्या हातातून त्याने नक्कल घेतली. सभेत जाऊन त्यानेच ते कलम मोठ्याने वाचले, अस्खलित, योग्य ठिकाणी थांबत. कंपनीच्या यंत्राकडून मागच्या बाजू राहून गेल्या आणि प्रमाणित नकलेमुळे सत्य उघड झाले, असे त्याने विश्वस्तांना समजावून सांगितले. यात असत्य एकही नव्हते. ठराव मागे घेतला गेला. अध्यक्षांनी वकिलांच्या दक्षतेबद्दल आभार मानले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याकडे पाहून कोणी तरी म्हणाले, "अण्णा, असा शिष्य मिळायला भाग्य लागतं."

मी बोलू शकलो असतो. खोली राहिली होती, आणि बोलून तिच्यात एकही मूल वाढणार नव्हते. मी गप्प राहिलो. आणि गप्प राहणे म्हणजे काय असते, ते तेव्हा मला आतून कळले.

सभा संपल्यावर, रीत होती त्याप्रमाणे, तो सर्वांसमक्ष माझ्या पायांशी वाकला. माझा हात सवयीने त्याच्या मस्तकावर गेला. ओठांवर नेहमी येणारे शब्द मात्र आले नाहीत. त्यानेही त्यांची वाट पाहिली नाही. उठला, पिशवी उचलली आणि अध्यक्षांशी बोलत बाहेर गेला.