सहावी ‘ब’च्या अॅडमिनची निवड

“भिणाऱ्या माणसाला अॅडमिन करावं, का न भिणाऱ्याला?” उज्ज्वलाबाईंनी मला हे विचारले. प्रश्न त्यांनी कुतूहलाने विचारला नव्हता. त्यांच्या घरातली दोन माणसे या प्रश्नावरून मरणाच्या दारात जाऊन आली होती.

उज्ज्वलाबाई धनगर कुटुंबातल्या. दहावीपर्यंत शिकलेल्या. दिवाळी झाली की सासरे धुळाजी आणि नवरा सोमनाथ मेंढरे घेऊन निघतात आणि मोकळ्या झालेल्या शेतांतून कळप बसवत परळीच्या अंगाने सरकत राहतात. शेतात खत पडते, त्याबदल्यात धान्य मिळते. मुलगी संगीता हिची शाळा बुडू नये म्हणून उज्ज्वलाबाई सासू साखराबाईंसह माजलगावात पत्र्याच्या दोन खोल्यांत राहतात. कळपामागे न जाणारी त्यांच्या घराण्यातली ही पहिलीच सून. शाळेचा निरोप फोनवर येतो म्हणून त्यांनी शिवणकामाच्या पैशांतून फोन घेतला, आणि त्या ‘सहावी ब पालक’ या ग्रुपात आल्या.

ग्रुप वर्गशिक्षक भारत सरांनी काढला होता. २०२३च्या ऑगस्टमध्ये त्यांची बदली झाली. जाण्यापूर्वी त्यांनी पालकांना शाळेच्या ओट्यावर बोलावले. आपण कुणाला न नेमता बाहेर पडलो तर अॅप स्वतःच कुणालातरी अॅडमिन करून टाकेल, त्यापेक्षा तुम्हीच ठरवा, असे त्यांचे म्हणणे होते. एरवी शाळा समितीच्या साध्या सदस्यत्वावरून चुरस करणारी माणसे त्या दिवशी चपलांकडे पाहत बसली. कारण आठवडाभरापूर्वी सणानिमित्त पोलिसांची सूचना फिरली होती : आक्षेपार्ह मजकूर आल्यास ग्रुप अॅडमिनवर कारवाई होईल. केवळ अॅडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या संदेशाचा गुन्हा त्याच्या अंगावर येत नाही, असे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्येच म्हटले होते. ओट्यावर ते कुणालाच ठाऊक नव्हते.

“मी होतो की,” रविराज म्हणाला. त्याची मुलगी तेजश्री संगीताच्याच बाकावर बसते.

“तू गप बस बे,” त्याचे वडील सुंदरराव म्हणाले. सुंदरराव म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य, पन्नास एकर उसाचे धनी; नातीमुळे तेही ग्रुपात होते. “निवडणुका तोंडावर हायेत. कुणी काय टाकलं अन् केस झाली, तर फॉर्म तरी भरता येईल का? बाईमाणूस करा. बाईला पोलीस लवकर बोलवीत न्हाईत.”

सगळ्यांच्या नजरा फिरल्या आणि उज्ज्वलाबाईंवर थांबल्या. त्या ग्रुपात कधी काही लिहीत नसत. नवरा गावात नसे, म्हणजे ‘नको’ म्हणायलाही कुणी नव्हते.

“आण्णा, मला काय कळतंय त्यातलं?” त्या म्हणाल्या.

“न कळणाराच बरा. करायचं काय असलं तर आधी रविराजला इचारायचं, मंग बटन दाबायचं. सह्या तुझ्या, कारभार आमचा.”

ओट्यावर हशा झाला. महिला सरपंच निवडण्याची जी रीत गावांना पाठ आहे, तीच इथेही वापरली गेली. भारत सर मात्र हसले नाहीत. सगळे गेल्यावर त्यांनी उज्ज्वलाबाईंना अर्धा तास थांबवून घेतले. अॅडमिनला दुसऱ्याचा संदेशही सर्वांच्या फोनवरून काढता येतो, मात्र तो कुणी काढला ते नाव तिथे उमटते. तो आधीच कुणी पुढे पाठवला असेल तर ती प्रत आपल्या हातात राहत नाही. ‘फक्त अॅडमिनच लिहू शकतील’ अशी सोय करता येते. सभासदाच्या नावावर बोट दाबून धरले की त्याला अॅडमिन करता येते, त्याची संमती लागत नाही. अॅडमिन झालेला माणूस आपल्यालाही त्या जागेवरून काढू शकतो. “आणि वाईट काही काढायच्या आधी त्याचा स्क्रीनशॉट ठेवा,” सर म्हणाले. उज्ज्वलाबाईंनी हे सारे संगीताच्या वहीमागे लिहून घेतले. मग सर ग्रुपमधून बाहेर पडले आणि त्या एकट्या अॅडमिन उरल्या.

चार महिने त्यांनी एकही बटण दाबले नाही. पण फोन वाजला की हातातले काम टाकून तो उघडत. कुणी देवाचे चित्र टाकले, कुणी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचे, तरी त्या ते दोनदा वाचत. पोलिसांची गाडी गल्लीतून गेली की शिवणयंत्र थांबवत. साखराबाई म्हणत, “असलं कसलं पद गं हे, पगार न्हाई अन् धाक तेवढा?”

डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी तीनच्या सुमारास रविराजने ग्रुपवर एक संदेश टाकला. मुले पळवणारी टोळी जिल्ह्यात उतरली आहे, घोंगडी पांघरून मेंढरांच्या आडून फिरते, दिसताच धरा, असा मजकूर होता. खाली फोटो होता : रस्त्याकडेला दोन पाठमोरी माणसे, मेंढरे आणि पाठीवर बोचकी लादलेली पांढरी घोडी.

उज्ज्वलाबाई मजकूर वाचत होत्या. वाचता न येणाऱ्या साखराबाईंनी फक्त फोटो पाहिला.

“ही तर आपली घोडी हाय,” त्या सहज म्हणाल्या. “डावा कान कापलेला. कुणी काढला गं फोटो?”

तोवर खाली उत्तरे येऊ लागली होती. “कुठं हाय हे?” “परळी रोडला, सिरसाळ्याच्या पुढं. मानसं जमायलीत.” “सोडू नका.” उज्ज्वलाबाईंनी सोमनाथला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. पोलिसांच्या ११२ क्रमांकावर लावला. गाडी पाठवतो म्हणाले, किती वेळ लागेल ते सांगता आले नाही.

इथे त्यांनी ठरल्याप्रमाणे आधी रविराजला विचारले.

“दादा, ते फोटोचं काढू का?”

“कावून? लेकरांच्या भल्यासाठी टाकलंय. मलाबी आलतं, म्या पुढं ढकललं. तुझा काय संबंध?”

संबंध सांगण्यात धोका होता. ती आपली माणसे आहेत असे म्हटले तर याच ग्रुपातली माणसे उज्ज्वलाबाईंच्या दारात आली असती. घरात सासू होती, शाळेत मुलगी होती. त्यांनी फोन ठेवला आणि वहीतल्या यादीतला सर्वांत कमी धोक्याचा वाटणारा उपाय निवडला : ग्रुप बंद केला. आता फक्त अॅडमिन लिहू शकणार होती. निदान उत्तरे तरी थांबतील, असा त्यांचा हिशेब होता.

पाचच मिनिटांत सावित्रीबाईंचा फोन आला. यांची नात त्याच वर्गात.

“उज्ज्वला, काय केलंस गं हे? आमच्या गल्लीत म्हणायलेत, अॅडमिननं ग्रुपच बंद केला म्हंजी बातमी पक्की. मी खोटं हाय म्हणून लिहायला बसले, तर लिहूच देईना.”

आपण काय केले ते उज्ज्वलाबाईंना तेव्हा उमजले. ग्रुप बंद झाला होता, पण शेवटी दिसत होते ते ‘सोडू नका’, त्यावर तो फोटो, आणि त्यावर त्यांच्या गप्पपणाची मोहोर. खोटे म्हणू पाहणाऱ्यांचीच तोंडे त्यांनी बांधली होती.

घाईत बोट दोनदा चुकीच्या जागी पडले. त्यांनी आधी स्क्रीनशॉट घेतला. मग संदेश आणि फोटो सर्वांसाठी काढून टाकले. त्या जागी ‘अॅडमिन उज्ज्वला यांनी काढला’ अशी ओळ उमटली. ती पाहून त्यांना आपण भर चौकात उभ्या आहोत असे वाटले. मग सभासदांची यादी उघडून त्यांनी सुंदररावांच्या नावावर बोट धरले आणि त्यांना अॅडमिन केले. ग्रुप पुन्हा खुला केला. लिहायला वेळ नव्हता म्हणून आवाजच पाठवला : “ते माझे सासरे धुळाजी हायेत अन् मालक सोमनाथ. घोडी आमची हाय. संगीताचा बाप हाय तो. कुणाचं लेकरू नेलेलं न्हाई. सिरसाळ्यात ओळखीचं कुणी असलं तर फोन लावा, पाया पडते.”

सुंदररावांचा फोन लगेच आला.

“मला अॅडमिन कुणी केलं?”

“म्या केलं, आण्णा.”

“काढ आत्ताच्या आत्ता!”

“मला मारून टाकलं तरी चालंल, पण आधी सिरसाळ्याला फोन लावा. तिथं काय झालं अन् पोलीस इकडं आले, तर अॅडमिन आता दोघं हायेत. एकीची मानसं तिथं हायेत. दुसऱ्याच्या पोरानं टाकलंय ते. फोटो ठेवलाय म्या.”

उज्ज्वलाबाई सांगतात, त्या क्षणाइतकी भीती त्यांना आयुष्यात वाटली नाही. पन्नास एकरवाल्या माणसाला त्या धमकावत होत्या. तो एका दाबासरशी त्यांना अॅडमिनपदावरून काढू शकत होता, आणि त्याहून पुष्कळ काही करू शकत होता.

“मुंजाजीला लावतो,” सुंदरराव शेवटी म्हणाले. मुंजाजी हा सिरसाळ्याचा भुसार व्यापारी. सुंदररावांचा धान्याचा व्यवहार त्याच्याकडे असे.

सायंकाळी पाचपर्यंत काहीच कळले नाही. संगीता शाळेतून आली, तिला काही सांगितले नाही. साखराबाई उंबऱ्यात बसून होत्या. त्या रडतही नव्हत्या. साडेपाचला अनोळखी क्रमांकावरून सोमनाथ बोलला. साठ-सत्तर जणांनी बापलेकांना रस्त्यावर बसवले होते. काठीचा वार अडवताना सोमनाथच्या उजव्या हाताची दोन बोटे मोडली होती, मोबाइल फुटला होता. “सुंदररावचा निरोप हाय, मानसं त्याच्या वळखीची हायेत,” असे ओरडत मुंजाजी गर्दीत शिरला आणि पोलिसांची गाडी येईपर्यंत धुळाजींना पाठीशी घालून उभा राहिला. तेरा मेंढरे पांगली, त्यांतली नऊ सापडली.

ग्रुपवर त्या संध्याकाळी कुणी माफी मागितली नाही. सावित्रीबाईंनी ‘देवाची कृपा’ लिहिले, त्यावर जोडलेल्या हातांची अकरा चित्रे आली. रविराजने दुसऱ्या दिवशी गणिताचा गृहपाठ विचारला. सुंदररावांनी त्याच रात्री जेवणाआधी उज्ज्वलाबाईंना अॅडमिनपदावरून काढले होते. तसा निरोप फक्त त्यांच्याच फोनवर आला. वाचून त्यांना पहिल्यांदा झोप येईल असे वाटले. पण आली नाही, कारण आता पुढच्या खेपेला संदेश काढणारे बोट त्यांचे नसणार होते.

धुळाजी त्यानंतर रस्त्याने चालताना घोंगडी पांघरत नाहीत. थंडी असली तरी ती घडी करून घोडीवर टाकतात.

जून २०२५मध्ये संगीता आठवीत गेली. त्या वर्गाच्या पालक ग्रुपात तीन अॅडमिन आहेत : मुख्याध्यापक, सुंदरराव आणि सावित्रीबाई. तिथे फक्त अॅडमिनलाच लिहिता येते.