विद्येला वाटेकरी नाही

कर्जतच्या शाळेत मी वीस-बावीस वर्षं संस्कृत शिकवते आहे. सुभाषितापेक्षा त्याचा अर्थ लांब झाला की माझं डोकं फिरतं. गाईडवाल्यांची तर ती खोडच. विद्याधनाच्या त्या प्रसिद्ध श्लोकात 'न चोरहार्यम्' एवढंच आहे. गाईडात अर्थ असा: 'विद्या हे असे धन आहे की जे चोरांकडून चोरून नेले जाऊ शकत नाही.' हे वाक्य संपेपर्यंत चोर पुढचं पळसदरी स्टेशन ओलांडून जाईल.

माझी रीत वेगळी. आधी समास सोडवायचा: चोराला हरण करता येईल असं, ते चोरहार्य. मग ते फळ्यावरून पुसायचं आणि एका श्वासात म्हणता येईल असं मराठी शोधायचं. पहिल्या दोन चरणांत चार नकार आहेत. संस्कृतातला 'न' आधीच येऊन उभा राहतो; आपलं 'नाही' शेवटी येतं, म्हणून घावही शेवटीच घालायचा. चोर नेत नाही. राजा नेत नाही. 'हार्य' दोनदा आहे, म्हणून 'नेत'ही दोनदा. 'नेऊ शकत नाही' हे जास्त बरोबर, पण त्या 'शकत'पाशी धार जाते. चौथा नकार, ओझं होत नाही.

तिसरा मात्र अडला होता. 'न भ्रातृभाज्यम्', भावांत वाटली न जाणारी. नोकरीची पहिली वर्षं होती, मी खालापूरकडच्या आमच्या गावी राहत होते. दादा रसायनीच्या कारखान्यातून पाळी संपवून आला आणि जेवायला बसला. दहावीनंतर त्याने शाळा सोडली ती माझं कॉलेज व्हावं म्हणून. मी त्याला वहीतून वाचून दाखवलं, "भावाभावांत तिची वाटणी करता येत नाही."

"येवढं कशाला लिवतीस गं?" भाकरी मोडत तो म्हणाला. "विद्येला वाटेकरी नाय. झालं."

मी तसंच उतरवून घेतलं. 'भाऊ' हा शब्द गेला, पण भाऊबंदकी सगळी आत राहिली होती. पुढे दरवर्षी मुलांना तोच अर्थ दिला. तो कुणाचा, हे वर्गात कधी सांगितलं नाही.

वडील गेल्यावर जमिनीचे कागद निघाले. आमच्याकडे बहिणी हक्कसोडपत्रावर सही देतात, साडी घेतात आणि माहेर टिकलं म्हणतात. मी सही देणार नव्हते. मला विहिरीजवळची आंब्याखालची पट्टी हवी होती. मी एकटी, कर्जतला दहिवलीत भाड्याने राहते. निवृत्तीनंतर तिथे दोन खोल्या बांधाव्यात, एवढीच इच्छा होती. दादाला ओटीवर बसून तसं सांगितलं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "विद्येला वाटेकरी नाय, पोरांना शिकवतीस ना? तुझ्या विद्येत आमी कवा वाटा मागितला? मंग जमिनीत तू कशाला मागतीस?"

मला उत्तर येत होतं. कायदा माझ्या बाजूचा होता, आणि श्लोकही. विद्या वाटली जात नाही, एवढंच तो सांगतो. विद्या मिळाली त्याने वाटा सोडावा, असं त्यात कुठेही नाही. हे सगळं पाच-सहा वाक्यांत नीट सांगता आलं असतं. मी सुरुवातही केली, आणि दुसऱ्याच वाक्याला ऐकू आलं की मी गाईडासारखी बोलते आहे. वहिनी चहा ठेवून गेली. कप उचलताना दादाच्या बोटांवरचे अॅसिडचे जुने डाग दिसले. मला राग आला आणि लाजही वाटली. राग जास्त होता.

'खर्चली की वाढते' हा पुढचा चरण मी शेकडो मुलांना दिला. ज्याच्या पगारावर शिकले त्याच्यावर किती खर्चली, हे त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

मी सही दिली. नोंदणी कचेरीत फोटो काढला, अंगठे घेतले, बाहेर आल्यावर वहिनीने साडीची पिशवी हातात ठेवली. ती अजून कपाटात तशीच आहे. आंब्याच्या दिवसांत दादाने पेटी पाठवली, ती मी शेजारी वाटून टाकली. एकही आंबा ठेवला नाही.

यंदा तो श्लोक पुन्हा आला. चोर नेत नाही, राजा नेत नाही, हे मी नेहमीसारखं सांगितलं. मग टेबलावरचं एका मुलीचं गाईड उघडलं आणि सावकाश लिहून दिलं: 'विद्या हे असे धन आहे की ज्याची भावाभावांमध्ये वाटणी केली जाऊ शकत नाही.' मुलं मान खाली घालून लिहीत राहिली. परीक्षा झाली की ती हे वाक्य विसरतील. म्हणूनच दिलं.