पाचवी बाई

काकूंनी त्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये अकरा वर्षं स्वयंपाक केला आणि शेवटी स्वतःच्याच तोंडाने स्वतःला घालवलं. मी तिथे भाज्या चिरते, म्हणून मला हे माहीत आहे.

आमचं स्वयंपाकघर म्हणजे दोन खाटा शेजारी-शेजारी टाकल्या की संपलं. एक शेगडी, तिला दोन चुली. एक ओटा, एक मोरी. दुपारी साडेबाराला भोंगा झाला की ताटं लागतात. सुरुवातीला काकू एकट्या होत्या तेव्हा चाळीस ताटं निघायची, कारण चिरायला बसल्या की शेगडी रिकामी आणि भांडी घासायला गेल्या की भात करपलेला. मी आले आणि ताटं शंभरावर गेली. काकूंना शेगडी सोडावी लागेना आणि मला सुरी. तिसरी भांडीवाली आली, एकशे चाळीस. चौथी वाढपी आली, एकशे पंचावन्न. चौथीला आम्ही कामचुकार म्हणायचो, कारण मेल्या आमच्या अकला तेवढ्याच.

मग कारखान्यात माणसं वाढली. साहेबांना दोनशे ताटं हवी होती. काकूंनी दुसरी शेगडी आणि मागची कोठी मागितली. साहेब म्हणाले, "जागा-बिगा मिळणार नाही. बाया हव्या तेवढ्या घे."

काकूंची धाकटी बहीण दोन मुलं घेऊन त्यांच्याकडेच राहत होती. नवऱ्याने टाकलेली. काकूंना आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्याच दिवशी त्या तिला घेऊन आल्या.

धाकटी कामाला वाघीण होती. पण उभी कुठे राहणार? ओट्यावर माझी चिरायची फळी ठेवली की कोपरभर जागा उरायची. ती सरकली की भांडीवाली अडायची, भांडीवाली अडली की पातेलं धुतलेलं नसायचं, आणि काकू शेगडीपुढे हात बांधून पातेल्याची वाट बघायच्या. तिसऱ्या दिवशी धाकटी आणि वाढपी एकमेकींवर आदळल्या आणि अख्खा रस्सा जमिनीवर. पण सांडलं नाही त्या दिवशीसुद्धा ताटं भरली एकशे अठ्ठेचाळीसच. पाच बायांनी चौघींपेक्षा सात कमी.

साहेबांनी भागाकार केला. "दोघी होतात तेव्हा माणशी पन्नास ताटं. आता तीससुद्धा नाहीत. कोण झोपा काढतं? ही नवी आल्यावर कमी झाली ना? उद्यापासून हिला आणू नकोस."

काकू म्हणाल्या, "साहेब, ती आळशी नाही. इथे जी पाचवी असेल ती अशीच दिसेल. उद्या तिला शेगडीवर उभी करा, मी तिच्या कोपऱ्यात उभी राहते. बघा काय होतं ते."

साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी शेगडीवर. हात अगदी बहिणीसारखाच. आणि अकरा वर्षांच्या काकू कोपऱ्यात सुरी घेऊन, हिला वाट दे, तिला वाट दे, करत. ताटं झाली एकशे एकोणपन्नास. काकूंनी आकडा साहेबांना सांगितला तेव्हा त्यांचा आवाज चढला होता. "पटलं ना? दोष तिचा नाही, जागेचा आहे."

"पटलं," साहेब म्हणाले. "उद्या तू सुट्टी घे."

याचा अर्थ आम्हा चौघींना लगेच कळला. उद्या ताटं कमी भरली तर काकू परत येतील. चुली आमच्या हातात, सुरी आमच्या हातात. एक पातेलं उशिरा चढवलं असतं, भाजी थोडी रेंगाळत चिरली असती, तर पुरे होतं. मी रात्री तसं ठरवलंही होतं.

सकाळी साहेब दारात खुर्ची टाकून बसले. ओटा मोकळा, मोरी मोकळी, कुणाचा कुणाला धक्का नाही. प्रत्येकीला वाटलं, आपण रेंगाळलो तर आपलंच नाव निघेल. मी इतक्या भराभर कधी चिरलं नव्हतं. धाकटीने तर पाणीसुद्धा प्यायलं नाही. एकशे पंचावन्न. साहेब उठले, म्हणाले, "चौघी पुरे," आणि गेले.

संध्याकाळी धाकटीची घरी एकटी जायची हिंमत होईना, म्हणून मी बरोबर गेले. काकू दारातच होत्या. तिच्या मुलांना त्यांनी जेवायला वाढलं होतं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"एकशे पंचावन्न, ताई."

काकूंनी मान डोलावली. "म्हणजे माझं बरोबरच होतं."

हे त्या चिडून बोलल्या असत्या तर मी सोसलं असतं. पण त्यांना खरंच बरं वाटलं होतं. धाकटी चपला काढायला खाली वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"घाई केलीत का गं?" काकूंनी मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "रोजच्यासारखंच केलं."